सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.५० आहे. म्हणजे किती चौरस मीटर आणि किती गुंठे? जुन्या खतातले एकर-गुंठे कसे जुळवायचे?

शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौ.मी., म्हणून ४०५० चौ.मी. एक गुंठा १०१.१७ चौ.मी.चा, म्हणून ४०.०३ गुंठे. थोडक्यात एक एकर आणि वर तीन चौ.मी. एजंट ‘साडेचाळीस गुंठे’ म्हणत असेल तर तो आर आणि गुंठा एकच धरतोय. तुमच्या जमिनीत त्यानं सुमारे ५१० चौरस फुटांचा फरक पडतो.

आता जुन्या खताचं. हे मला सविस्तर लिहायचंच आहे, कारण याच एका आकड्यापायी माझ्या वडिलांना म्हातारपणी चोर ठरवलं गेलं.

१९६८ साली थोरल्या काकांनी आपल्या वाट्याची जमीन माझ्या वडिलांना विकली. खरेदीखताच्या तक्त्यात क्षेत्र लिहिलं होतं २-१०. पुढे सातबाऱ्यावर ते ०.९१.०५ असं आलं. चाळीसेक वर्षं कुणी ब्र काढला नाही. काका गेल्यावर त्यांचा मुलगा, आमचा दादा, शहरातून कागद घेऊन आला. शिकलेला माणूस. त्यानं मोबाइलवर २.१० एकर टाकलं, ८४९८ चौ.मी. आले. सातबाऱ्यावर ९१०५. ‘आमच्या आबांनी विकले त्यापेक्षा ६०७ चौ.मी. जास्त नोंदवून घेतलेत, नानांनी सहा गुंठे दाबले,’ असं तो भावकीसमोर बोलला. नाना तिथंच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. आईच म्हणाली, ‘अरे, चाळीस गुंठ्यांचा एकर असतो, शंभराचा नाही.’ तिला कुणी ऐकलं नाही, कारण ती चौथी शिकलेली.

आई बरोबर होती. २-१० मधली ती आडवी रेघ म्हणजे दशांश चिन्ह नव्हे. ते दोन एकर दहा गुंठे आहेत, म्हणजे ८० आणि १०, एकूण ९० गुंठे. दशांशात लिहायचं तर सव्वादोन एकर. ९० ला १०१.१७ नं गुणा, ९१०५ चौ.मी. येतात. सातबाऱ्यावरचा आकडा चोख होता. दादानं २.१० धरल्यामुळे त्याच्या हिशोबात ८४ गुंठेच आले, आणि ते ‘दाबलेले’ सहा गुंठे तिथंच गेले होते.

ही चूक शिकलेल्यांकडूनच जास्त होते, कारण हेक्टरच्या आकड्यात ती खपून जाते. शंभर आरांचा हेक्टर आणि शंभर चौ.मी.चा आर, त्यामुळे ०.४०.५० ला ०.४०५० हेक्टर म्हटलं तरी उत्तर तेच येतं. तीच सवय एकराला लावली की घात होतो. हेक्टरमध्येसुद्धा हातानं ०.९.५ लिहिलेलं असेल तर जपा. ते ९०५ चौ.मी. आहेत, ०.९५ हेक्टर नव्हे.

मी पैज लावून जुन्या उताऱ्याचा अख्खा रकाना दादाला दाखवला. रेघेनंतरचा आकडा कुठंही ३९ च्या वर गेला नव्हता. दशांश असते तर कुठं ना कुठं ५५, ७२ दिसले असते की! शिवाय खताच्या मजकुरात ‘अक्षरी दोन एकर दहा गुंठे’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तक्ता वाचण्याआधी अक्षरी क्षेत्र वाचा, हे माझं ठाम मत आहे. कुठं २-१०-८ असा तिसरा आकडा दिसला तर ते आणे समजा. सोळा आण्यांचा गुंठा, म्हणजे आठ आणे हा अर्धा गुंठा.

एक सांगायचं राहिलं. तुमचा ०.४०.५० हा आकडा लागवडीयोग्य क्षेत्राचा आहे की पोटखराबा धरून एकूण क्षेत्राचा, ते बघा. खतात एकूण क्षेत्र असतं आणि लोक लागवडीच्या रकान्याशी ताळा घेत बसतात. दोन-चार चौ.मी.चा फरक रूपांतर करताना अंक पूर्ण केल्यामुळे पडतो, त्यावरून भांडू नका. आणि बांधावरची जागाच कमी भरत असेल तर हा गुणाकार कामाचा नाही, सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी लागते.

दादानं चूक मान्य केली, पण एकट्या माझ्यापाशी, फोनवर. ‘खतात नीट लिहायला हवं होतं,’ म्हणाला. नीटच लिहिलं होतं, दादा. आरोप भावकीसमोर केलास, तर हेही तिथंच येऊन सांग. नाना अजून आहेत.