घुबड की चंडोल: किती जन्मजात, आणि कामाची वेळ त्याप्रमाणे मागता येते का?

प्रश्न: नवरा पहाटे पाचला उठून ताजातवाना असतो, मी रात्री दीडपर्यंत टक्क जागी. ऑफिस सकाळी आठचं. कामाच्या दिवशी साडेबाराला कशीबशी झोप लागते आणि साडेसहाला गजराने उठते. सुट्टीला दोनला झोपून साडेदहाला आपोआप जाग येते. घरचे म्हणतात शिस्त नाही. आई आणि मामाही असेच. हे रक्तातच असतं का? आणि ऑफिसकडे वेळ बदलून मागायची तर कशाच्या आधारावर?

उत्तर:

तुम्ही घुबड, म्हणजे रात्री जागणाऱ्या, आणि नवरा चंडोल, म्हणजे पहाटे उठणारा. हे बरंचसं रक्तातलं आहे, पण सगळं नाही. जे रक्तातलं नाही ते बहुतेक प्रकाशाचं आहे, शिस्तीचं फार थोडं. तुम्ही आकडे दिलेत हे बरं झालं, त्यावरून नेमकं बोलता येतं.

आधी तुमचं घड्याळ मोजू. म्यूनिकचे झोपेच्या वेळांचे अभ्यासक टिल रोनेबर्ग यांच्या गटाने यासाठी एक सोपी पद्धत रूढ केली: सुट्टीच्या दिवशीच्या झोपेचा मध्यबिंदू काढायचा. तुम्ही २ ला झोपता, १०:३० ला उठता, म्हणजे साडेआठ तास. त्याचा मध्य सकाळी ६:१५. पण ही झोप थोडी फुगलेली आहे, कारण आठवडाभराची उधारी तुम्ही सुट्टीत फेडता. म्हणून दुरुस्ती करतात. पाच दिवस सहा तास आणि दोन दिवस साडेआठ तास, म्हणजे आठवड्यात ४७ तास, रोजची सरासरी ६ तास ४३ मिनिटं. सुट्टीची झोप या सरासरीपेक्षा १ तास ४७ मिनिटांनी जास्त आहे. त्याचं निम्मं, साधारण ५४ मिनिटं, मध्यबिंदूतून वजा करायचं. उरतात ५:२१. हा तुमचा क्रोनोटाइप, म्हणजे शरीराची झोपेची नैसर्गिक वेळ, आणि तो उशिराच्या बाजूला स्पष्ट झुकलेला आहे.

दुसरा आकडा त्याहून कामाचा. कामाच्या दिवशीच्या झोपेचा मध्य पहाटे ३:३०, सुट्टीचा ६:१५. फरक पावणेतीन तास. याला सोशल जेटलॅग म्हणतात. दर शुक्रवारी रात्री तीन टाइमझोन पश्चिमेला जाऊन सोमवारी सकाळी परत यावं, तसं तुमचं शरीर वर्षभर करतंय. ऑफिसशी बोलताना हाच आकडा न्यायचा, ‘मला सकाळी जमत नाही’ हे वाक्य नाही.

मोजताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे अंथरुणावर पडल्याची वेळ लिहिली जाते. हवी असते ती झोप लागल्याची. दुसरी, गजर लावलेला रविवार किंवा लग्नाच्या जागरणाची रात्र सुट्टीच्या हिशोबात धरली जाते. दोन-तीन आठवडे लिहून ठेवा आणि जे सुट्टीचे दिवस खरोखर मोकळे होते तेवढेच घ्या.

आता आई आणि मामा. जुळ्यांच्या अभ्यासांत एकसारख्या जुळ्यांच्या सवयी भिन्न जुळ्यांपेक्षा बऱ्याच जास्त जुळतात, आणि त्यावरून आनुवंशिकता साधारण निम्मी निघते. या ‘५० टक्के’चा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. तुमचं अर्धं घुबडपण आईकडून आलं असा तो नाही. माणसामाणसांत झोपेच्या वेळांचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण अर्धा जनुकांच्या फरकाने समजावता येतो, इतकंच. हा आकडा समूहाचा आहे, एका माणसाचा नाही.

शिवाय तो एका जनुकाचाही नाही. २०१९ मध्ये सुमारे ७ लाख लोकांच्या माहितीवरून जनुकसंचातल्या ३५१ जागा क्रोनोटाइपशी जोडल्या गेल्या. प्रत्येक जागेचा परिणाम चिमूटभर. लवकर उठण्याकडे झुकवणारी रूपं सर्वांत जास्त असलेले ५ टक्के आणि सर्वांत कमी असलेले ५ टक्के यांची झोप मनगटी यंत्राने मोजली, तर वेळेतला फरक सरासरी २५ मिनिटांचा निघाला. त्यामुळे लाळेवरून जनुकांची चाचणी करून ‘तुम्ही जन्मजात घुबड’ असं कोणी सांगत असेल, तर पैसे वाचवा. वर केलेला फुकटचा हिशोब जास्त सांगतो.

अपवाद आहेत. पीईआर२ या जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांत माणसं संध्याकाळीच पेंगतात आणि पहाटे फार लवकर जागी होतात. सीआरवाय१ मधला एक बदल उलट दिशेने ढकलतो. पण हे विरळा. तुमच्या घरातली तऱ्हा बहुधा लहानसहान अनेक जनुकांची, आणि एकाच घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असण्याचीही.

दिव्यांचा भाग मी मुद्दाम काढला. माणसाच्या आतल्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो, साधारण २४ तास १० मिनिटं. ते रोज थोडं मागे पडतं आणि प्रकाश त्याला पुन्हा जुळवतो. घरातला दिवा डोळ्यापर्यंत शे-दोनशे लक्स प्रकाश देतो. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार मिळतात. आपण दिवसभर अंधुक खोलीत आणि रात्री उजेडात राहतो, आणि ज्याचं घड्याळ मुळातच मागे पडणारं आहे तो त्यात जास्त मागे ओढला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडोतल्या एका छोट्या प्रयोगात आठ जणांना आठवडाभर तंबूत, फक्त ऊन आणि शेकोटीच्या उजेडात ठेवलं. रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं त्यांचं मेलाटोनिन हे संप्रेरक सुमारे दोन तास आधी स्रवू लागलं आणि घुबडं चंडोलांच्या जवळ सरकली. फरक पुसला गेला नाही, आखडला. म्हणजे क्रम जन्माचा, अंतर बऱ्याच अंशी दिव्यांचं.

तर तुम्ही एखादा तास अलीकडे येऊ शकता. पण ‘पहाटे साडेपाचला उठून फिरायला जा’ हा सल्ला तुमच्या बाबतीत उलटा पडेल, आणि तो का पडतो हे समजून घेण्यासारखं आहे. झोपेत शरीराचं तापमान एका नीचांकाला जातं, साधारण आपोआप जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या नीचांकानंतरचा प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा आणखी मागे ढकलतो. तुमची झोपेची गरज साडेसात तास धरली तर ५:२१ भोवतीची तुमची नैसर्गिक झोप रात्री १:३६ ते सकाळी ९:०६ अशी बसते. नीचांक सहा ते सातच्या मध्ये. साडेपाचचा झगझगीत प्रकाश तुमच्या शरीराला उशिरा संध्याकाळचा वाटतो. नवऱ्याला जो फेरफटका मानवतो तो तुम्हाला महिनाभरात अधिक घुबड करू शकतो, आणि मग घरचे पुन्हा शिस्त काढतात.

म्हणून सुरुवात रजेच्या आठवड्यात करा. पहिले दोन दिवस साडेआठला उठून लगेच अर्धा तास बाहेर उघड्यावर, गॉगल न लावता. खिडकीमागे बसणं याच्या तोलाचं नाही. मग दर दोन दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे. संध्याकाळी झोपेच्या तीन तास आधीपासून छतावरचे दिवे बंद, एखादाच मंद पिवळा दिवा. ही दुसरी बाजू सोडली तर पहिलीचा फायदा रात्रीच वाया जातो. प्रगती दिसते ती झोप लागण्याच्या वेळेत. जाग गजराने आणता येते, झोप आणता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत झोप १२:३५ च्या सुमारास लागू लागली आणि ८:०५ ला आपोआप जाग आली, तर तुम्ही तासभर सरकलात. त्यापुढे खेचत बसू नका. सुट्टीला उठणं तासाभरापेक्षा जास्त लांबवलंत तर मात्र दोन शनिवारांत सगळं मूळपदावर.

आणि इथेच ऑफिसकडे मागायची वेळ हाती येते. सध्या उठल्यापासून कामाला बसेपर्यंत तुम्हाला दीड तास लागतो. आठला जाग, साडेनऊला काम. आठऐवजी साडेनऊ मागा, अकरा नको. तासभर अंतर तुम्ही प्रकाशाने कापता, दीड तास ऑफिस. सहा आठवड्यांचा प्रयोग म्हणून मागा, ११ ते ४ सगळ्यांनी हजर असण्याचे तास ठरवा, आणि आधी-नंतर दोनच गोष्टी मोजा: कामाच्या दिवशीची झोप आणि तो पावणेतीन तासांचा फरक. तुमच्या कामात चुकांची किंवा परत आलेल्या फाइलींची नोंद होत असेल तर तीही जोडा. जनुकांचा विषय बैठकीत काढू नका. साहेबाला ती सबब वाटते.

हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलंय. जर्मनीतल्या एका पोलाद कारखान्यात चंडोलांची रात्रपाळी आणि घुबडांची सकाळपाळी काढून टाकली. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. कामाच्या दिवशीची झोप वाढली, सोशल जेटलॅग तासाभराने घटला. पण रात्रपाळी घुबडांनाही जडच गेली. तेव्हा ‘तुम्ही रात्री जागता ना, मग कायमची रात्रपाळी घ्या’ असं कोणी सुचवलं तर हो म्हणू नका. रात्री दीडला झोपणारा माणूस पहाटे चारला ताजा नसतो.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की उशिरा काम सुरू करणाऱ्यांना त्यांचे वरिष्ठ कमी मेहनती समजतात, कामाचे तास तेवढेच असले तरी. सकाळी ८:१० चा मेल दिसतो, संध्याकाळी ६:३० चा कोणी पाहत नाही. म्हणून दिवस संपताना झालेल्या कामाची दोन ओळींची नोंद पाठवण्याची पद्धत वेळेच्या बदलासोबतच ठरवून घ्या.

एक तपासणी मात्र आधी करा. निव्वळ घुबड असलेला माणूस स्वतःच्या वेळेला झोपला की चांगला झोपतो आणि उठल्यावर ताजा असतो. सुट्टीत साडेआठ तास झोपूनही अंग जड राहत असेल, घोरणं असेल, दिवसा पेंग येत असेल किंवा मन सतत उदास असेल, तर प्रश्न क्रोनोटाइपचा नाही आणि साडेनऊच्या ऑफिसने सुटणार नाही. झोपेच्या डॉक्टरांकडे जा. मेलाटोनिनच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. ती किती घेतली यापेक्षा केव्हा घेतली हे महत्त्वाचं असतं, आणि झोपताना घेतली तर घड्याळ सरकवायला फारसा उपयोग होत नाही.

ऑफिस नाहीच म्हणालं, तर निदान हिशोब, करार तपासणं, पैशांचे व्यवहार यांसारखी चूक महागात पडेल अशी कामं अकरानंतर लावा आणि पहिल्या दोन तासांत मेल, नोंदी, फोन उरका. आणि मोजणी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. घड्याळ सर्वांत उशिराचं असतं ते विशीच्या आसपास, नंतर वयाबरोबर हळूहळू अलीकडे येतं. तिशीत मागितलेली वेळ पन्नाशीत लागेलच असं नाही.