भाषण शेवटच्या वाक्यापासून लिही

कॉलेजातल्या माझ्या पहिल्या निवडणुकीत प्रचाराच्या भाषणात मी चार मुद्दे मांडले आणि "मला साथ द्या" म्हणून खाली उतरलो. टाळ्या पडल्या, मतं पडली नाहीत. साथ द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तू आधी शेवट लिही: "शुक्रवारी ओळखपत्र घेऊन या, अकराच्या आत सात नंबरच्या खोलीत मत द्या, मगच तासाला बसा." कधी, कुठे, काय, सगळं त्यात आलं.

मग तिथवर नेणारा एकच प्रश्न घे. समजा, अक्कलकोट-मोहोळहून येणाऱ्यांची एसटी साडेआठला पोचते आणि वाचनालय साडेदहाला उघडतं. "आदरणीय व्यासपीठ"मध्ये वेळ न दवडता थेट पायरीवर पुस्तक उघडून बसलेल्या मुलीपासून सुरुवात कर. त्या दोन तासांचे आठवड्याला बारा होतात, हे मोजून दाखव. समोरचा तिथेच हलतो.

उपाय सांगताना सांभाळ. "वाचनालय नऊला उघडेन" म्हणू नकोस, तो अधिकार प्राचार्यांचा आहे आणि पोरं लगेच ओळखतात. "पहिल्या महिन्यात सह्यांचं निवेदन देईन, काय उत्तर आलं ते फलकावर लावेन" हे तुझ्या हातातलं आहे.

आवाहनानंतर शेरोशायरी नको, थेट खाली उतर. आदल्या दिवशी मित्राला ऐकव आणि विचार, "मी तुला काय करायला सांगितलं?" तो "छान बोललास" एवढंच म्हणाला, तर शेवट पुन्हा लिही.