तीन फोटो, एक ओळ आणि पहिला मेसेज

प्रश्न: मी नागपूरचा. डेटिंग अ‍ॅपवर एका मुलीशी मॅच झालीय, पण तिच्या प्रोफाइलवर तीनच फोटो आहेत: लिफ्टच्या आरशातला सेल्फी, कुठल्याशा तलावाकाठचा एक आणि तर्री पोह्यांची प्लेट. खाली एकच ओळ, ‘खायला कधीही तयार’. ‘हाय’ टाकून उपयोग होत नाही. सुरुवात कशी करू?

उत्तर: सेल्फी सोडून द्या. त्यावर लिहिण्यासारखं एकच असतं, ‘छान दिसतेस’, आणि ते तिला दिवसभर येत असणार. ज्या फोटोत चेहरा नाही तो आधी बघा. पोह्यांची प्लेट सुंदर दिसायला कोणी लावत नाही. ती आवडते म्हणूनच लावलेली असते, त्यामुळे त्यावर बोलायला तिच्याकडे नक्की काहीतरी असतं.

आता तो फोटो मोठा करून बघा. तर्री पोह्यांवरच ओतलीय की वाटीत वेगळी आहे? वर कच्चा कांदा आहे की बाजूला सारलाय? समजा तर्री वाटीत आहे. मग असं लिहा:

‘पोह्यांच्या फोटोत तर्री वेगळ्या वाटीत दिसतेय. पोहे भिजू नयेत म्हणून, की तिखट बेतानं घ्यायचं म्हणून?’

यात डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट आहे, एक अंदाज आहे आणि चार शब्दांत देता येईल असं उत्तर आहे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, उलट चूक दुरुस्त करायला माणूस चटकन बोलतो. ‘पोहे आवडतात का?’ विचारलं की ‘हो’ येतं आणि विषय तिथेच संपतो. ‘बेस्ट पोहे कुठे मिळतात?’ विचारलं की एका ठेल्याचं नाव येतं, पुढे काही नाही. शिवाय नागपुरात हा प्रश्न सगळेच विचारतात.

वरच्या मेसेजमध्ये ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही, हे मुद्दाम केलंय. ती कसं बोलते ते पहिल्या उत्तरात कळेल, मग तसंच धरा. लिपीचंही तेच. तिची ओळ देवनागरीत असेल तर देवनागरीत लिहा, रोमनमध्ये असेल तर रोमनमध्ये. आणि ‘दुसऱ्या फोटोत’ असं लिहू नका. काही अ‍ॅप फोटोंचा क्रम आपोआप बदलतात, म्हणून फोटोत काय आहे तेच सांगा. हिंजवर लाइक करतानाच त्या फोटोवर कॉमेंट टाकता येते, तिथे ही अडचण येत नाही.

समजा उत्तर आलं, ‘तिखट झेपत नाही’. इथे बरेच जण ‘हाहा ओके’ लिहून गाडी थांबवतात, नाहीतर लगेच ‘जॉब कुठे?’वर उडी मारतात. त्याऐवजी आधी आपलं काहीतरी द्या, मग विचारा: ‘माझं उलटं, मी तर्री दोनदा मागतो. मग सावजीत गेल्यावर काय, नुसती पोळी?’ असे दोन-तीन मेसेज झाले की कामधंद्याचा विषय आपसूक येतो.

फोटोंवरून काही सुचलंच नाही तर ती ओळ घ्या आणि तिची परीक्षा बघा: ‘कधीही म्हणजे मे महिन्यात, दुपारी 2 वाजता, 45 डिग्रीत गरम आलूबोंडा पण?’ मात्र पोहे आणि आलूबोंडा एकाच मेसेजमध्ये कोंबू नका. दोन प्रश्न आले की लोक सोप्याचं उत्तर देतात, किंवा कशाचंच देत नाहीत.

तलावाच्या फोटोवर ‘हा खिंडसी का?’ इतपत चालेल, कारण ती फिरायला जायची जागा आहे. पण सेल्फीत गळ्यातलं ओळखपत्र, सोसायटीचं नाव किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर तो वाचलाय हेसुद्धा कळू देऊ नका. ‘अच्छा, तू त्या कंपनीत आहेस?’ वाचून समोरच्या मुलीला वाटतं की हा माग काढतोय. पुढचं पाऊल बहुतेक ब्लॉकचं असतं, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन दिवसांनी एकच मेसेज आणखी टाका, तोही दुसऱ्या गोष्टीवर. इथे आलूबोंडा कामी येईल. ‘बिझी आहेस वाटतं’ हा टोमणा नको. त्यानंतरही शांतता असेल तर सोडून द्या.

अशा रिकाम्या प्रोफाइलच्या बाबतीत एक सावधगिरी. सगळे फोटो स्टुडिओतले असतील, पोह्यांच्या प्रश्नाला बगल देऊन दुसऱ्याच मेसेजला व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला आणि मग गुंतवणुकीची गोष्ट निघाली, तर तो फसवणुकीचा धंदा समजा. नंबर देऊ नका, पैसे तर नाहीच. रिपोर्ट करा आणि अनमॅच करा.