मिड-कॅप टोकनवर बुल फ्लॅग की फॉलिंग वेज, आणि टार्गेट कसं काढायचं?

प्रश्न: चार्टवर वर जाऊन खाली घसरणारं चॅनल दिसतंय, हे फ्लॅग समजू की वेज, आणि टार्गेट कुठून मोजायचं?

आधी दोन्ही रेषा बघ, समांतर खाली येत असतील तर फ्लॅग, पुढे जाऊन एकमेकींना मिळायला लागल्या तर वेज. पण फ्लॅगला आधी खांब लागतो, म्हणजे जोरदार व्हॉल्यूमवर सरळ वर गेलेली मूव्ह, ती नसेल तर ते नुसतं घसरणारं चॅनल आहे.

समज टोकन १.०० वरून १.६० डॉलरला गेलं, खांब झाला ०.६०. मग व्हॉल्यूम आटत आटत १.४२ पर्यंत आलं, म्हणजे खांबाचा ३०% भागच परत दिला, हे छान आहे, अर्ध्याच्या खाली गेलं असतं तर मी फ्लॅग मानलाच नसता. आता वरची रेषा तोडून ४ तासांची कँडल १.४८ ला बंद झाली तर टार्गेट १.४८ + ०.६० = २.०८. वेज असेल तर खांब नाही, वेजच्या सर्वात रुंद जागेची उंची ब्रेकआउटच्या भावात मिळवायची.

मिड-कॅपमध्ये ऑर्डर बुक पातळ असतं, त्यामुळे एखादी मोठी ऑर्डरच कँडलची विक, म्हणजे वरची बारीक रेघ, वर काढते आणि लोक त्यालाच ब्रेकआउट समजतात, म्हणून कँडल बंद होऊ दे आणि व्हॉल्यूम फ्लॅगमधल्या सरासरीच्या निदान दीडपट तरी बघ. स्टॉप १.४० ला, अर्धा माल १.७८ ला, म्हणजे टार्गेटच्या अर्ध्या वाटेवर काढ, कारण पूर्ण टार्गेट बऱ्याचदा येतच नाही. आणि टोकन अनलॉकची तारीख जवळ असेल तर हा ट्रेड सोडच.