पहिला वाईट रिव्ह्यू चार रुपयांच्या गुळावरून आला

प्रश्न: वडिलांच्या किराणा दुकानासाठी ऑर्डरचं अ‍ॅप बनवलंय. पहिल्याच महिन्यात दोन वन-स्टार रिव्ह्यू आले. उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं?

उत्तर द्या, पण त्या दिवशी नको. आधी ती ऑर्डर काढा, बिल काढा आणि माल कुणी भरला ते विचारा. मी उलटं केलं होतं.

आमचं दुकान गडहिंग्लजला आहे. अ‍ॅप मी एकट्याने बनवलं. पहिला वन-स्टार असा होता: 'अर्धा किलो गूळ मागवला, पैसे जास्त घेतले. तराजू दिसत नाही म्हणून फसवतात.'

'फसवतात' हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. आमच्या काट्यावर दर वर्षी वैधमापनचा शिक्का होतो, बाबा पुडी बांधताना चिमूटभर जास्तच टाकतात. हे सगळं मी तिथल्या तिथे लिहून टाकलं. प्ले स्टोअरवर उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे, ती मी पूर्ण वापरली. चार दिवसांनी दुसरा वन-स्टार आला: 'तक्रार केली तर मालकाचा मुलगा अंगावर येतो.' हा वेगळाच माणूस होता. त्याने आमच्याकडून कधी काही मागवलंच नव्हतं, फक्त माझं उत्तर वाचलं होतं.

मग बाबांनी ती ऑर्डर काढायला लावली. गुळाचा रवा फोडताना बरोबर 500 ग्रॅमचा खडा निघत नाही, हे किराणावाल्याच्या घरात वाढलेल्या मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी खडा 570 ग्रॅमचा निघाला. भाव 60 रुपये किलो. अ‍ॅपवर 30 रुपये दिसत होते, बाबांनी पुडीवर पेनाने 34 लिहिलं आणि पोऱ्याने दारात 34 मागितले. बाबांनी मालाचेच पैसे घेतले होते आणि त्या बाईंनाही चार रुपये जास्तच द्यावे लागले होते. दोघंही खरं बोलत होते.

दुकानात हे भांडण होतच नाही. काटा समोर असतो, बाबा म्हणतात "सत्तर ग्रॅम वर आहे ताई, राहू दे का?" आणि ताई म्हणतात राहू दे, नाहीतर टवका काढून घेतात. मी अ‍ॅपमध्ये यादी घेतली, भाव घेतला, पत्ता घेतला. हा एक प्रश्न तेवढा घेतला नाही. ऑर्डरच्या टेबलमध्ये एकच रकाना होता, `qty`. म्हणजे मागितलं तेवढंच भरलं, असं मी धरूनच चाललो होतो.

आता शेजारी `packed_qty` आहे. भरणारा माणूस काट्यावरचा आकडा टाकतो आणि तो आकडा गिऱ्हाइकाला बिलावर दिसतो. नियम बाबांनी घालून दिला: वजन वर गेलं तर ते आपलं, बिल मागितल्याएवढंच, कमी भरलं तर पैसे तेवढे कमी. पोऱ्याला दारात तोंडी हिशोब करायला बंदी. रोज रात्री मी अ‍ॅपमधली बेरीज आणि पोऱ्याने आणलेली रोकड ताडून बघतो. दोन-चार रुपयांचा फरक वारंवार दिसला, तर कुणीतरी पुन्हा पुडीवर पेन चालवतंय हे लगेच कळतं.

पहिलं उत्तर मी बदललं. नवीन उत्तर तीन वाक्यांचं आहे: चूक काय झाली, काय बदललं, चार रुपये पुढच्या बिलात वजा केले. तुम्हीही एवढंच लिहा. दुकान किती जुनं आहे ते लिहू नका, रिव्ह्यू वाचणाऱ्याला त्याचं काही नसतं.

आणि आमच्या मामांसारखं कुणी सांगेल की पाहुण्यांतल्या चाळीस जणांना पाच तारे द्यायला लाव. मामांशी माझं यावरून दिवाळीत वाजलं होतं, अजूनही ते मानत नाहीत. पाहुण्यांकडून तारे घेणं म्हणजे काट्याखाली चुंबक लावणं. गूगलच्या नियमातही ते बसत नाही. शिवाय प्ले स्टोअर सरासरी काढताना अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन देतं, म्हणजे पाहुण्यांचे तारे मागे पडतात आणि काल दारात भांडलेलं गिऱ्हाईक पुढे येतं. मामा, हे वाचत असाल तर सांगतो, त्या चाळीस ताऱ्यांनी मला गुळाचा घोळ कधीच दाखवला नसता.

एक सांगायचं राहिलं. 'वर गेलं ते आपलं' हा नियम गूळ, चिंच, खोबरं यांना परवडतो. काजू-बदामाला नाही, तिथे वीस ग्रॅममध्ये नफा जातो. ते आम्ही आधीच 100 ग्रॅमच्या पाकिटांत भरून ठेवतो आणि अ‍ॅपवर नगाने विकतो. आणि तुमचे रिव्ह्यू अ‍ॅप बंद पडण्याबद्दलचे असतील तर माझा हा किस्सा तुमच्या फारसा कामाचा नाही, आधी फोनचं मॉडेल विचारून घ्या.

त्या बाईंनी रिव्ह्यू बदललेला नाही. मीही तसं करा म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.