ऑटोफिक्शन म्हणजे नक्की काय?

प्रश्न : “ऑटोफिक्शन आणि आत्मचरित्रात्मक कादंबरी एकच का? आणि ‘मी’ लेखक की निवेदक हे ठरतच नसेल, तर निबंधात मुद्दा मांडायचा कसा?”

एकच नाहीत. फरक नावाचा आहे. आत्मचरित्रात्मक कादंबरीत लेखक आपलं आयुष्य दुसऱ्या नावाच्या माणसाला देतो. ऑटोफिक्शनमध्ये नायकाला लेखकाचंच नाव असतं, तरी मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं छापलेलं असतं. १९७५ साली फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी आत्मचरित्राची व्याख्या करताना एक तक्ता मांडला. त्यात ‘नाव लेखकाचं, पण पुस्तक कादंबरी’ हा रकाना रिकामा राहिला. फ्रेंच लेखक सर्ज दुब्रोव्स्की यांनी तो मुद्दाम भरला आणि १९७७च्या ‘फिस’ या कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘ऑटोफिक्शन’ हा शब्द वापरला.

निबंधासाठी मात्र मी फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तकडे जाईन. हा शब्द त्याच्या काळात नव्हता, पण पेच तिथे जास्त लख्ख दिसतो. त्याच्या ‘आ ला रशेर्श द्यू तां पेर्द्यू’ या अनेक खंडांच्या प्रचंड कादंबरीतला निवेदक जवळजवळ निनावी आहे. ‘ला प्रिझोनिएर’ या खंडात त्याची प्रेयसी आल्बेर्तीन त्याला लाडाने हाक मारते, तेव्हा तो सांगतो, की निवेदकाला या पुस्तकाच्या लेखकाचंच नाव दिलं, तर ती हाक ‘माझ्या मार्सेल’ अशी होईल.

यावरून ‘निवेदक म्हणजे प्रूस्तच’ असं लिहिलं, तर ते ‘तर’ गिळून टाकलं. शिवाय प्रूस्तला धाकटा भाऊ होता, रोबेर. निवेदकाला भाऊच नाही. उलट ‘लेखकाचा इथे संबंध नाही’ म्हणावं, तर त्याच वाक्यात ‘या पुस्तकाचा लेखक’ उभा आहे. त्याला मजकुरानेच आत बोलावलंय, आपण नाही.

म्हणून मुद्दा त्या ‘तर’वर उभा करावा. नाव दिलंही जातं आणि उसनं आहे हेही कळतं. आणि हे घडतं ते प्रेयसीच्या तोंडच्या हाकेत, म्हणजे जिथे नाव सर्वांत खासगी असायला हवं तिथे. इतकं वाक्यातूनच दाखवता येतं, प्रूस्तच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधावा लागत नाही.

लिहिताना एक शिस्त पाळावी : कथेतल्या कृतीचा कर्ता ‘निवेदक’, पुस्तकाबाहेर नोंद असलेल्या गोष्टीचा कर्ता ‘प्रूस्त’. एकाच वाक्यात दोन्ही आले, तर जोडणी कशाच्या आधारावर केली ते तिथेच सांगावं. बहुतेक निबंध नेमके इथे घसरतात. परिच्छेदाच्या सुरुवातीचा ‘निवेदक’ शेवटी गुपचूप ‘लेखक’ झालेला असतो.

मर्यादाही लिहावी. हा खंड प्रूस्तच्या मृत्यूनंतर, १९२३ साली आला आणि त्यावरून त्याचा शेवटचा हात फिरायचा राहिला होता. ते नाव त्याने पुढे ठेवलं असतं की खोडलं असतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. छापण्यासाठी खंड तयार करणाऱ्यांत रोबेरही होता, कादंबरीत नसलेला तो भाऊ.