सरकत्या जिन्याची ११ किलोवॅटची मोटर दिवसाला किती वीज खाते?

प्रश्न: रत्नागिरीत आमच्या दुमजली मॉलसाठी एस्कलेटर घेतोय, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. तळमजल्यापासून पहिला मजला ५ मीटर, उतार ३० अंश, पायरी १ मीटर रुंद, वेग अर्धा मीटर प्रति सेकंद. पुरवठादार ११ किलोवॅटची मोटर सांगतो. १२ तास चालला तर एकाला रोज १३२ युनिट लागतील का? आणि उतार ३५ अंशांचा केला तर लहान मोटर चालेल का?

उत्तर:

मोटर ११ किलोवॅटचीच घ्या, पण १३२ युनिट हा आकडा डोक्यातून काढून टाका. वर जाणाऱ्या एस्कलेटरला साध्या दिवशी साधारण २५ युनिट लागतील, खाली येणाऱ्याला त्याहून कमी. हा फरक कसा पडतो ते नीट समजून घ्या, कारण मोटरची क्षमता एका कारणाने ठरते आणि वीजबिल वेगळ्याच कारणाने.

आधी मोटर पाहू. ५ मीटर उंची ३० अंशांच्या उताराने चढायची म्हणजे तिरक्या भागाची लांबी १० मीटर होते. पायरीची खोली सुमारे ४० सेंटिमीटर असते, म्हणून त्या लांबीत २५ पायऱ्या बसतात. एक मीटर रुंदीच्या पायरीवर ब्रेकच्या चाचणीसाठी १२० किलो भार धरतात. मोटर ठरवतानाही तोच धरला की हिशेब सुरक्षित राहतो. पंचवीस पायऱ्यांवर मिळून ३००० किलो झाले. या वजनाचा उताराच्या दिशेने मागे ओढणारा भाग म्हणजे ३००० × ९.८१ × साइन ३०, जवळपास १४,७०० न्यूटन. त्याला वेगाने, म्हणजे ०.५ ने, गुणलं की ७.४ किलोवॅट येतात. ही फक्त माणसं वर नेण्याची शक्ती झाली.

पायऱ्यांचं स्वतःचं वजन या हिशेबात धरू नका. वरच्या बाजूने जितक्या पायऱ्या चढतात तितक्याच खालच्या बाजूने परत उतरत असतात, त्यामुळे त्यांचं वजन एकमेकांना तोलून धरतं. उरतं ते घर्षण: पायऱ्यांचे रोलर, साखळी, आणि दोन्ही बाजूंचे हातकठड्याचे पट्टे. तुमच्या मापाच्या एस्कलेटरला यासाठी १.२ किलोवॅट धरा. ७.४ अधिक १.२ म्हणजे ८.६, आणि गिअरबॉक्सची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर मोटरच्या शाफ्टवर ९.६ किलोवॅट लागतात. बाजारात ९.३ नंतरची मोटर ११ किलोवॅटची मिळते. तुमच्या पुरवठादाराचा आकडा बरोबर आहे.

आता उताराचा प्रश्न, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. ३५ अंशांवर मागे ओढणारी ताकद वाढते, पण तीच उंची चढायला लांबी ८.७ मीटरच पुरते. लांबी कमी म्हणून पायऱ्या कमी, पायऱ्या कमी म्हणून माणसंही कमी. गुणाकार करून बघा, परत १४,७०० न्यूटनच येतील. साइन एकदा भागाकारात येतो, एकदा गुणाकारात, आणि निघून जातो. उरतं एवढंच: दर सेकंदाला किती किलो वजन किती मीटर उंच नेलं. म्हणून उतार तीव्र केल्याने मोटर लहान होत नाही. लांबी घटल्याने घर्षण किंचित कमी होतं आणि जमिनीवरची जागा सुमारे दीड मीटर वाचते, इतकाच फायदा. युरोपीय मानकानुसार ३५ अंशांचा उतार ६ मीटर उंचीपर्यंत आणि ०.५ मीटर प्रति सेकंद वेगापर्यंतच चालतो, म्हणजे तुमच्याकडे नियमात बसेल. पण म्हाताऱ्या माणसांना, लहान मूल कडेवर घेतलेल्या बाईला तीव्र उतारावर भीती वाटते. जागेची फार अडचण नसेल तर ३० अंशच ठेवा.

वेगाचं तसं नाही. तो सरळ गुणाकारात बसतो. ०.६५ चा वेग घेतला तर ७.४ चे ९.६ होतील आणि त्यापुढच्या मापाची मोठी मोटर लागेल. मॉलला तेवढ्या वेगाची गरज नसते. पायरी ८० सेंटिमीटर रुंद घेतली तर भार पायरीमागे ९० किलो धरतात आणि मोटर साडेसात किलोवॅटपर्यंत येते, पण मग हातात पिशव्या असलेली दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत.

आता वीज. मोटरच्या पाटीवरचे ११ किलोवॅट हे प्रत्येक पायरी भरलेल्या अवस्थेसाठी आहेत. तशी अवस्था गणपतीच्या आदल्या दोन-चार संध्याकाळी, चाकरमानी गावी आले की, थोडा वेळ येईल. एरवी जिन्यावर पाच-सहा माणसं असतात, कधी कोणीच नसतं. मोटर तिच्या अंगावर पडेल तेवढीच शक्ती घेते, पाटीवर लिहिलं आहे म्हणून घेत नाही.

एका माणसाचं वजन ६५ किलो धरलं तर त्याला ५ मीटर वर न्यायला ६५ × ९.८१ × ५, म्हणजे सुमारे ३,२०० ज्यूल लागतात. हजार माणसांना मिळून ०.८९ युनिट. मोटर आणि गिअरबॉक्समधला तोटा धरला तरी १.१ युनिट. हजार माणसं वर नेली, खर्च एक युनिटाच्या आसपास! दिवसाला ३००० माणसं चढली असं धरा, तर ३.३ युनिट झाले.

याउलट जिना रिकामा फिरवायला मोटर विजेच्या बाजूने सुमारे १.८ किलोवॅट घेते. त्यात वर सांगितलेलं घर्षण आलं आणि मोटरचा स्वतःचा तोटाही आला. १२ तासांचे २१.६ युनिट. हे आणि वरचे ३.३ मिळून २५. गर्दीच्या दिवशी ८००० माणसं चढली तरी ८.८ अधिक २१.६, म्हणजे ३० च्या थोडं वर. तुमचं बिल गर्दी वाढवत नाही, रिकामं फिरणं वाढवतं. युनिटचा दर तुमच्या महावितरणच्या व्यापारी बिलावरून घ्या आणि २५ ने गुणा. मात्र मंजूर भारासाठी अर्ज करताना मोटरचे पूर्ण ११ किलोवॅटच धरा, दोन जिन्यांचे २२. तिथे पाटीवरचाच आकडा लागतो.

खाली येणाऱ्या जिन्यात माणसांचं वजनच मोटरला मदत करतं. उतरणारा प्रत्येक माणूस सुमारे १६० वॅटने ढकलतो. तोटा वजा जाता पंधराच्या आसपास माणसं एका वेळी उभी असली की मोटर वीज घ्यायची थांबते, आणि त्याहून जास्त असली तर इंडक्शन मोटर जनरेटरसारखी वागून वीज उलट तारेत सोडते. ती मॉलच्या दिव्यांना आणि पंख्यांना लगेच वापरली जाते. ३००० माणसं उतरली तर रोजचे सुमारे २ युनिट कमी होतात, म्हणजे या जिन्याचा खर्च १९-२० युनिट. पण मोटर व्हीएफडी ड्राइव्हवर, म्हणजे तिचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर असेल आणि तो साध्या प्रकारचा असेल, तर परत येणारी वीज ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जळून जाते. पुरवठादाराला हे स्पष्ट विचारा.

वर जाणाऱ्या जिन्याला व्हीएफडी नक्की घ्या. आपल्याकडे दुपारी एक ते चार बाजार ओस पडतो, सकाळचा पहिला तासही थंडच जातो. सेन्सरने माणूस नाही असं पाहून जिना ०.२ मीटर प्रति सेकंदावर आणला तर १.८ ऐवजी ०.७५ किलोवॅटच्या आसपास लागतात. रोज ५ तास असा सुस्त चालला तर ५ युनिट वाचतील, महिन्याला दीडशे. पूर्ण थांबवला तर आणखी वाचेल, पण थांबलेला जिना पाहून माणसं बंद पडलाय समजून परत फिरतात. हळू फिरणारा जिना लोकांना चालू आहे हे सांगतो, म्हणून मी तोच सुचवतो.

शेवटचा भाग मोजणीचा, आणि कोकणात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जिना बसवून झाला की मॉल बंद असताना तो रिकामा, पूर्ण वेगाने, अर्धा तास फिरवा आणि पॅनेलच्या मीटरवर किलोवॅट वाचून वहीत लिहून ठेवा. अँपिअर नव्हे, किलोवॅट. तुमच्या मोटरला रिकामी असताना साडेआठ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागेल. कोणी क्लॅम्प मीटर लावून १.७३ × ४१५ × ८.५ असा हिशेब केला तर सहा किलोवॅट दिसतील आणि तुम्ही घाबराल. हलक्या भारावर इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे अशा हिशेबातल्या आकड्यापैकी खरोखर खर्च होणाऱ्या शक्तीचा वाटा, ०.३ पर्यंत खाली येतो, म्हणून प्रत्यक्षात तिथे १.८ किलोवॅटच असतात.

ही नोंद दर दोन महिन्यांनी त्याच पद्धतीने घ्या. खारा वारा आणि पावसाळ्यातली दमट हवा साखळीच्या सांध्यांत आणि रोलरच्या बेअरिंगमध्ये गंज धरवते, आणि तो डोळ्याला दिसण्याआधी मीटरला कळतो. १.८ चे २.४ झाले तर महिन्याला दोनशेहून जास्त युनिट फुकट चाललेत. पहिल्यांदा हातकठड्याच्या पट्ट्यावर हात ठेवा. तो कोमट लागला, किंवा दोन बाजूंच्या पट्ट्यांत फरक जाणवला, तर त्याचा ताण जास्त आहे किंवा आतली पट्टी झिजली आहे. पट्टा ठीक असेल तर खालच्या टोकाचं झाकण उघडायला सांगून साखळी कोरडी पडली आहे का ते पाहा. तेलाचा स्वयंचलित डबा भरलेला असूनही नळ्या गाळाने तुंबलेल्या असू शकतात, तेव्हा डब्यातलं तेल पाहून समाधान मानू नका. साखळीवर बोट फिरवून ओल लागते का ते पाहा. हे सगळं देखभालीच्या माणसाने करायचं, जिन्याचा मुख्य स्विच बंद करून आणि त्याला कुलूप लावून. तुम्ही फक्त शेजारी उभे राहून वहीतला आधीचा आकडा त्याला दाखवा.